पडद्यावरचा पिवळा, कागदावरचा काळा
प्रस्तावना

पिवळा रंग काळ्या पडद्यावर सगळ्यात ठळक दिसतो आणि पांढऱ्या कागदावर सगळ्यात फिका. कॅड ड्रॉइंगच्या प्रिंटवरून ऑफिसात जे वाद होतात, त्यांतल्या बऱ्याच वादांचं मूळ एवढंच असतं. ड्राफ्ट्समन म्हणतो, "मी रेघ काढली आहे." साइटवरचा मिस्त्री म्हणतो, "कागदावर नाही." खरं दोघंही बोलत असतात.

या पुस्तिकेचा विषय ती रेघ पडद्यावरून कागदावर कशी जाते हा आहे. रेघ कशी काढायची ते शिकवणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. ती नीट छापायची कशी, हे मात्र नवा मुलगा शेजारच्या टेबलावरच्याकडून तोंडी शिकतो आणि शेजारचाही तसाच शिकलेला असतो. मग 'बॅकग्राउंड पांढरं कर म्हणजे प्रिंट चांगली येते' अशा समजुती पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतात.

उदाहरणासाठी मी एकच घर घेतलं आहे आणि ते मेहरूणमध्ये ठेवलं आहे. बोरांसाठी आणि तलावासाठी ओळखलं जाणारं मेहरूण आता जळगाव शहराचाच भाग आहे. मेहरूण शिवारातल्या गटांवर ले-आउट पडले, भूखंड झाले, आणि त्यावर घरं उभी राहत आली. आपला भूखंड काल्पनिक आहे: ९ मीटर रुंद, १५ मीटर लांब, समोर रस्ता. मागच्या कोपऱ्यात एक जुनी खोली आहे, ती पाडायची आहे. बाकी जागेवर तळमजला आणि वर एक मजला. असं काम जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही छोट्या ऑफिसात येतं. या एका घराच्या एकाच ड्रॉइंगमधून दोन वेगळ्या प्रिंट निघाव्या लागतात, आणि विषयाची खरी गंमत तिथेच आहे.

पहिली प्रिंट साइटवर जाते. ती पूर्ण काळी असलेली बरी. उन्हात, सिमेंटच्या हातांनी, घडी घालून-उघडून ती वाचायची असते. दुसरी प्रिंट महापालिकेच्या सतरा मजली इमारतीतल्या नगररचना विभागासाठी असते. तिथे रंग लागतात, आणि ते आपल्या आवडीचे चालत नाहीत. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत नकाशे कसे रंगवायचे ते सांगितलेलं आहे. भूखंडाची हद्द जाड काळी, अस्तित्वातला रस्ता हिरवा, प्रस्तावित बांधकाम लाल, पाडायचं बांधकाम पिवळ्या तिरक्या रेघांनी, सांडपाण्याची वाट लाल तुटक. ही पद्धत कॅडच्या कितीतरी आधीची. तेव्हा अमोनिया प्रिंटवर हाताने रंग भरत. रंग भरणारा माणूस गेला, रंगांचा नियम राहिला.

आता रंगाचा आणि जाडीचा संबंध कसा जुळला ते पाहू, कारण तो कळल्याशिवाय पुढचं सगळं पाठांतर होतं. ट्रेसिंगवर शाईने काम करणाऱ्यांकडे वेगवेगळ्या जाडीची तांत्रिक पेनं असत. कुठलं पेन किती जाड, हे टोपणाशी असलेल्या रंगीत पट्टीवरून कळे. आंतरराष्ट्रीय संकेताप्रमाणे ०.१८ मिलिमीटरला लाल, ०.२५ ला पांढरी, ०.३५ ला पिवळी, ०.५ ला तपकिरी, ०.७ ला निळी. शाई मात्र सगळ्यांत काळीच. म्हणजे पिवळ्या पट्टीचं पेन पिवळी रेघ काढत नसे, ते ०.३५ ची काळी रेघ काढत असे.

ऑटोकॅड डिसेंबर १९८२ मध्ये आलं, तेव्हाचे प्लॉटर खरोखरच पेनं हातात धरून कागदावर फिरवत. एका यंत्रात सहा किंवा आठ पेनं बसत. कुठली रेघ कुठल्या पेनने काढायची हे यंत्राला सांगायला पडद्यावरचा रंग वापरला गेला: लाल रेघा एक नंबरच्या पेनने, पिवळ्या दोन नंबरच्या. यंत्रं बदलली, शाईचे फवारे आले, लेसर आला, पण रंग म्हणजे पेनचा नंबर हा करार तसाच राहिला. आज तो करार ज्या फाइलमध्ये लिहिलेला असतो तिचं नाव संपतं `.ctb` असं. तिच्यात ऑटोकॅडच्या १ ते २५५ या प्रत्येक रंगापुढे एक ओळ असते: या रंगाची रेघ कागदावर कुठल्या रंगाची, किती जाड, किती गडद. बाकी सगळं या ओळींभोवती फिरतं.

म्हणून बॅकग्राउंडचा प्रश्न आधीच निकालात काढतो. `OPTIONS` लिहून Display मधल्या Colors वर गेलं की मॉडेलची पार्श्वभूमी काळी, पांढरी, हवी तशी करता येते. ती कागदावर छापली जात नाही. साध्या रेघांच्या ड्रॉइंगमध्ये ती बदलल्याने प्रिंट एका केसानेही बदलत नाही. मग पांढरी करून बघायचीच नाही का? बघायची, पण आरसा म्हणून. काळ्यावर चमकणारी पिवळी आणि आकाशी रेघ पांढऱ्यावर जवळजवळ नाहीशी होते. सीटीबी लावली नाही तर कागदावर काय होणार, हे त्यातून लगेच समजतं. दिवसभर काम मात्र गडद पडद्यावरच करा. डोळ्यांना बरं, आणि रंग वेगळे ओळखू येतात.

इथे सात नंबरचा एक चकवा आहे. सात नंबरचा रंग काळ्या पडद्यावर पांढरा दिसतो, पांढऱ्यावर काळा, आणि कागदावर काळा येतो. पण कुणी रंगांच्या दुसऱ्या खिडकीतून, True Color मधून, 255,255,255 असा पांढरा निवडला तर तो खराखुरा पांढरा असतो. काळ्या पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. कागदावर एक छापला जातो आणि दुसरा गायब होतो. सीटीबी फक्त १ ते २५५ या नंबरांच्या रंगांशी बोलते. True Color ला तिच्यात ओळच नाही, तो स्वतःच्याच रंगाने छापला जातो. `monochrome.ctb` लावूनही शीटच्या पट्टीतला एखादा लोगो किंवा बाहेरून आलेला ब्लॉक रंगीत आला, तर संशयित हाच. पार्श्वभूमी पांढरी करण्याचा खरा उपयोग इथे होतो: सात नंबरचं अक्षर काळं होऊन दिसत राहतं, खरं पांढरं अक्षर नाहीसं होतं.

आता आपल्या घराकडे येऊ. शीट ए-२ आहे, प्रमाण १:१००. बाहेरच्या भिंती नऊ इंची, म्हणजे २३० मिलिमीटर, कागदावर २.३. आतली साडेचार इंची पार्टिशन ११५, कागदावर १.१५. खिडकीच्या चौकटीच्या दोन रेघांत ५० मिलिमीटर अंतर. कागदावर अर्धा मिलिमीटर. जाडी ठरवायची ती या आकड्यांवरून; 'ठळक दिसावं' या इच्छेवरून ठरवली की फसते. पार्टिशनच्या दोन्ही रेघा ०.५ च्या काढल्या तर प्रत्येक रेघेची निम्मी जाडी आत येते आणि मध्ये ०.६५ मिलिमीटर पांढरं उरतं. भिंत भिंतीसारखी दिसते. चौकटीच्या रेघाही ०.५ च्या केल्या तर मध्ये काहीच उरत नाही. खिडकीच्या जागी एक काळा पट्टा येतो. ती चौकट ०.१८ ची केली की ०.३२ ची फट राहते. कापलेली भिंत ०.५, दारं-खिडक्या ०.१८, मापांच्या रेघा ०.१३, अक्षरं ०.२५, भूखंडाची हद्द ०.७ – या घराला एवढ्या पाच जाड्या पुरतात. सहावी घातली तर डोळ्याला तिचा वेगळेपणा कळत नाही.

०.१३, ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ हे आकडे उगाच असे तुटक नाहीत. प्रत्येक पुढची जाडी मागचीच्या दोनाच्या वर्गमुळाइतक्या पट आहे, साधारण १.४१. ए मापाच्या कागदांच्या बाजूंचं नातंही तेच. म्हणून ए-२ चं शीट ए-३ वर लहान केलं की ०.५ ची रेघ बरोबर ०.३५ ची होते, ०.३५ ची ०.२५ ची. पेनं आणि कागद एकाच हिशेबात बसवले आहेत.

या हिशेबाचा उपयोग कळतो तो बँकेला नकाशा द्यायच्या वेळी. गृहकर्जाच्या फाइलसाठी मालक म्हणतो, "ए-फोरवर काढून द्या ना." ए-२ वरून ए-४ म्हणजे निम्मं माप. पार्टिशन कागदावर ०.५७५ मिलिमीटर होते. मॉडेलमधून Fit to paper करून प्रिंट दिली तर ड्रॉइंग आकसतं पण जाडी आकसत नाही, ०.५ ची रेघ ०.५ च राहते आणि दोन रेघांत पाऊण दशांश मिलिमीटर उरतो. साध्या प्रिंटरवर ती फट बुजतेच. नकाशातल्या सगळ्या पार्टिशन काळ्या काड्या होतात. तेच शीट लेआउटमधून, Scale lineweights वर खूण करून काढलं तर रेघाही निम्म्या होतात: ०.५ ची ०.२५, आणि फट ०.३२ राहते. मात्र मापांची ०.१३ ची रेघ ०.०६ वर येते आणि तुटायला लागते. दोन्हीकडून थोडं जातंच. ए-४ साठी वेगळी सीटीबी ठेवणं हाच मला पटलेला उपाय: भिंत ०.२५, बाकी सगळं ०.१३, आणि मापांची अक्षरं वाचता येत नसतील तर तो लेयर प्रिंटपुरता बंद. बँकेला खोल्या दिसल्या की झालं.

आता दोन प्रिंटचा पेच. बऱ्याच ऑफिसांत भिंती लाल, म्हणजे एक नंबरच्या रंगात असतात. पण बाणांची टोकं, टिपा, कुठून तरी आणलेलं फर्निचर, हेही लालच असतं. साइटच्या काळ्या प्रिंटमध्ये हे खपून जातं. महापालिकेच्या प्रिंटसाठी सीटीबीत एक नंबरला खरा लाल दिला की भिंतीबरोबर सोफाही प्रस्तावित बांधकाम होऊन बसतो. मग ड्राफ्ट्समन ड्रॉइंगची दुसरी प्रत करतो, तिच्यात रंग हाताने बदलतो, आणि आठवड्याने मालकाने जिना हलवला की एका प्रतीत हलतो, दुसरीत नाही. मंजूर नकाशा एक, साइटवरचा दुसरा. या घोटाळ्याची मुळं रंगाच्या एका नंबरात असतात.

सुटका अशी. ऑटोकॅडच्या रंगांत १० नंबरचा रंग एक नंबरसारखाच शुद्ध लाल दिसतो. ५० नंबर दोनसारखा पिवळा, ९० नंबर तीनसारखा हिरवा. पडद्यावर फरक नाही, पण सीटीबीत त्यांच्या ओळी वेगळ्या, म्हणजे पेनं वेगळी. नियमाच्या रंगांसाठी हे दहाच्या पटीतले नंबर राखून ठेवायचे आणि रोजच्या कामाला एक ते नऊ वापरायचे. आपल्या घरात प्रस्तावित भिंतींचा लेयर १०, पाडायच्या खोलीच्या तिरक्या रेघांचा ५०, रस्त्याचा ९०, सांडपाण्याचा ३०. तो पडद्यावर नारिंगी दिसतो, म्हणून भिंतीत मिसळत नाही. मग सीटीबीच्या दोन फाइल:

```
nakasha-site.ctb
  10 : black, 0.50
  30 : black, 0.25
  50 : black, 0.13
  90 : black, 0.25

nakasha-manapa.ctb
  10 : red,    0.50
  30 : red,    0.25
  50 : yellow, 0.35
  90 : green,  0.25
```

बाकीचे नंबर दोन्ही फाइलींत काळे, ठरलेल्या जाडीचे. `STYLESMANAGER` लिहिलं की या फाइलींचा फोल्डर उघडतो. तिथल्या `monochrome.ctb` ची नक्कल करून तिचं नाव बदलायचं आणि हव्या त्या चार-सहा ओळी सुधारायच्या. मूळ फाइलला हात लावू नका, कारण ऑफिसातली जुनी ड्रॉइंग तिच्यावर अवलंबून असतात. एकाच लेआउटला दोन पेज सेटअप जोडून ठेवले की ड्रॉइंग एकच राहतं, जिना एकदाच हलतो, आणि प्रिंट दोन निघतात.

वरच्या यादीत पिवळ्याला ०.३५ दिलं आहे, साइटच्या काळ्या प्रिंटमध्ये त्याच रेघेला ०.१३. पांढऱ्यावर पिवळी बारीक रेघ दिसत नाही आणि नियम तर पिवळाच मागतो. तेव्हा जाडी वाढवायची आणि पाडायच्या खोलीची बाहेरची कड वेगळ्या लेयरवर, सात नंबरमध्ये, काळी ठेवायची. प्लॉटरवर तरीही फिका वाटला तर छापायचा रंग थोडा पिकलेल्या आंब्याच्या सालीकडे झुकवावा.

सीटीबी बरोबर असूनही प्रिंट बिघडते, त्याची दोन कारणं इथेच सांगतो. पहिलं, ड्रॉइंगमधल्या वस्तूंचा रंग किंवा जाडी ByLayer नसते. लेयरचा रंग १० केला तरी एखादी भिंत एक नंबरच्या लालमध्ये अडकलेली असते, कारण कुणीतरी ती निवडून वरच्या पट्टीतून रंग दिलेला असतो. पडद्यावर दोन्ही लाल, म्हणून कळत नाही. ओळखायची सोपी युक्ती: लेयरचा रंग क्षणभर हिरवा करा. जी भिंत लाल राहील ती चोर. मग `SETBYLAYER` चालवा, ब्लॉकच्या आतल्या वस्तूंसकट. जाडीचंही तसंच आहे. सीटीबीत एखाद्या नंबरापुढे ठराविक आकडा असेल तर तो लेयरच्या जाडीवर मात करतो. तिथे Use object lineweight असेल तर लेयरची जाडी चालते. दोन्हीकडे आकडे भरून ठेवणाऱ्या ऑफिसात कुठला आकडा खरा ते कुणीच सांगू शकत नाही. मी जाडी सीटीबीतच ठेवतो. उलट करणारेही चुकत नाहीत, फक्त एकाच ठिकाणी ठेवा.

दुसरं कारण राखाडीचं. फरशीचं हॅच आठ नंबरच्या राखाडीत काढलेलं असतं, पडद्यावर ते छान मागे सरकलेलं दिसतं. `monochrome.ctb` लावली की २५५ ही रंग ठार काळे होतात. राखाडीही काळा, आणि बाथरूममधलं माप जाळीत हरवतं. तेव्हा Screening १०० वरून ४० करायचा सल्ला मिळतो. भरीव रंग असेल तर तो बरोबर आहे. पण ०.१३ च्या रेघेवर तो उलटतो: लेसर प्रिंटर राखाडी रंग ठिपके टाकून दाखवतो, आणि इतक्या बारीक रेघेत ठिपके मावत नाहीत, रेघ तुटक होते. हॅच फिकं हवं असेल तर रेघ काळीच राहू द्या आणि दोन रेघांतलं अंतर वाढवा. सीटीबीच न लावता रंगीत ड्रॉइंग काळ्या-पांढऱ्या प्रिंटरला दिलं तरी हेच होतं. मापांच्या आकाशी रेघा तुटक येतात आणि लोक टोनरला दोष देतात.

प्लॉटिंगच्या दुकानाबद्दल एक सूचना. ए-१ शीट काढायला चोवीस इंची रोलचा प्लॉटर लागतो आणि तो प्रत्येक ऑफिसात नसतो. ड्रॉइंगची फाइल पेन ड्राइव्हवर दुकानात जाते. सीटीबी मात्र ड्रॉइंगच्या पोटात नसते; ती वेगळी फाइल आहे आणि आपल्याच संगणकावर राहते. दुकानातल्या संगणकाला ती सापडली नाही की रेघांची ठरवलेली जाडी गेली, रंग पडद्यावरचे आले. दुकानदाराचा यात दोष नाही. एकतर `ETRANSMIT` ने सीटीबीसकट गठ्ठा बांधून द्या किंवा पीडीएफ करून द्या. पीडीएफ पाहताना एक सांभाळा: अ‍ॅडोबीच्या वाचकात Enhance thin lines ही सोय चालू असेल तर बारीक रेघा पडद्यावर खऱ्याहून जाड दिसतात. ०.१३ आणि ०.२५ मधला फरक तिथे बघायचा असेल तर चारशे टक्क्यांवर मोठं करून बघा.

पडद्यावर जाडी दाखवणारं `LWDISPLAY` हे बटणही असंच. मॉडेलमध्ये ते जाडी ठोकळ पिक्सेलांत दाखवतं. जवळ जा, लांब जा, रेघ तेवढीच जाड. म्हणून ते बघून जाडी ठरवू नका. लेआउटमध्ये प्रिव्ह्यू बघा, आणि त्याहून बरं म्हणजे शीटचा वीतभर तुकडा, जिना आणि बाथरूम येईल असा, Window निवडून १:१ लाच साध्या ए-४ वर काढा. आख्ख्या शीटच्या आधी एक कागद खर्च होतो, पण पार्टिशन बुजली की नाही ते त्यावर दिसतं.

या पुस्तिकेत काय नाही तेही सांगतो. रंगाऐवजी नावाने चालणाऱ्या `.stb` शैली आहेत. त्या जास्त शिस्तीच्या आहेत हे मान्य, पण बाहेरून येणारी बहुतेक ड्रॉइंग सीटीबीची असतात, म्हणून इथे सीटीबीच घेतली. आपलं ड्रॉइंग कुठल्या प्रकारचं हे `PSTYLEMODE` विचारून कळतं: १ आलं तर सीटीबी, ० आलं तर दुसरी. ऑनलाइन बांधकाम परवानगीसाठी लेयरची नावं ठरवून दिलेली असतात, त्यांनाही मी हात लावलेला नाही. तिथे नावं बदलायची नाहीत, रंगाचे नंबर बदलण्यापूर्वीही त्या प्रणालीच्या सूचना वाचायच्या. वर सांगितलेले १०, ३०, ५०, ९० त्यांच्याशी भिडले तर आपले नंबर सोडून ११०, १५० च्या घरातले घ्या. सीटीबीत ओळी २५५ आहेत, आणि मेहरूणच्या या घराने त्यांतल्या दहासुद्धा वापरलेल्या नाहीत.